पॅनलसाठी एक पान

आमच्या कंपनीत बढतीचा हंगाम जानेवारीत सुरू होतो. एचआरचा मेल येतो, सोबत फॉर्म असतो आणि फॉर्मच्या शेवटी एक चौकट असते: उमेदवाराचा परिचय, गेल्या दोन वर्षांतील योगदानावर भर देऊन, ३०० शब्दांत. २०२५ च्या जानेवारीत ही चौकट माझ्या वाट्याला आली. चाकणच्या एका अ‍ॅल्युमिनियम डायकास्टिंग प्लांटमध्ये मी क्वालिटीत असिस्टंट मॅनेजर होते. पुढची पायरी डेप्युटी मॅनेजरची.

पॅनलवर पाच जण. प्लांट हेड, एचआर हेड, फायनान्सचे एक, प्रॉडक्शनचे एक आणि दुसऱ्या प्लांटचे क्वालिटी हेड. माझे थेट साहेब पॅनलवर नव्हते, तसा नियमच आहे. म्हणजे पाचांपैकी फार तर दोघांनी मला काम करताना पाहिलेलं. बाकीच्यांना मी कोण हे त्या एका पानावरूनच कळणार, आणि तसली पानं त्यांच्यापुढे चौदा-पंधरा असणार, बहुतेक आदल्या रात्री जेवण झाल्यावर वाचलेली.

मैत्रिणींनी त्यांचे जुने परिचय वाचायला दिले. त्यातले बरेचसे असे: 'लाइन क्वालिटीची जबाबदारी यशस्वीपणे सांभाळली. कस्टमर ऑडिटमध्ये सक्रिय सहभाग. रिजेक्शन कमी करण्यात मोलाचा वाटा.' यात खोटं काहीच नाही, पण त्या खुर्चीत बसलेल्या कोणालाही हेच लिहिता येईल. मी एक साधी चाळणी लावली. वाक्यातलं माझं नाव काढून शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचं घातलं आणि वाक्य तरीही खरं राहिलं, तर ते खोडायचं. पहिल्या खर्ड्यातली निम्म्याहून जास्त वाक्यं अशी गेली.

उरलेलं आठवणीवर लिहायचं नाही असंही ठरवलं. आठवणीत शेवटचे तीन महिने ठळक असतात. त्याआधीचं सगळं पुसट होतं, आणि भांडणं मात्र कामापेक्षा जास्त लक्षात राहतात. म्हणून रोजच्या मीटिंगचे मिनिट्स, रिजेक्शनचं रजिस्टर, कस्टमरला पाठवलेले रिपोर्ट आणि माझ्याच जुन्या मेल काढून बसले. दोन वर्षांत बरंच काही केलेलं दिसलं. पण ३०० शब्दांत सात कामं कोंबली तर एकही नीट दिसत नाही. मी एकाच कामाला निम्म्याहून जास्त जागा द्यायची ठरवली. ते काम म्हणजे वॉटर पंपाच्या बॉडीची गळती.

ते काम आधी सांगते, कारण त्याशिवाय परिचयाचं बोलणं हवेत राहील.

ही बॉडी एडीसी-१२ या अ‍ॅल्युमिनियमची. मशीन ३ आणि मशीन ५ अशा दोन मशीनवर ओतली जाते, महिन्याला साधारण ४०,००० नग. ओतल्यावर मशीनिंग होतं आणि मग लीक टेस्ट. पार्टची सगळी तोंडं बंद करून आत दाबाने हवा भरायची आणि दाब किती उतरतो ते बघायचं. मर्यादेपेक्षा जास्त उतरला की नग बाद. गळतं कुठून हे बघायचं असेल तर पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायचे.

गळतीची गंमत अशी, की ती जन्मते कास्टिंगमध्ये आणि उघडी पडते मशीनिंगनंतर. डायला, म्हणजे साच्याला, लागून जे धातूचं कातडं थिजतं ते घट्ट असतं. आत जाड भागात पोकळ्या असल्या तरी ते कातडं हवा अडवून धरतं. मशीनिंगने ते खरवडलं की वाट मोकळी होते. त्यामुळे कास्टिंगवाले म्हणतात, आमच्याकडून माल चांगला जातो, आणि मशीनिंगवाले म्हणतात, आम्ही काय भोकं पाडतो का. २०२३ च्या जुलैत या पार्टचं गळतीचं रिजेक्शन ७.९ टक्क्यांवर गेलं, आणि रोज सकाळच्या मीटिंगमध्ये हेच चालायचं.

बाद नग आडवे कापून पाहिले. पोकळी गोल आणि आतून चकचकीत असेल तर ती हवेची किंवा वायूची, शॉपवरच्या भाषेत ब्लोहोल. वेडीवाकडी, खरखरीत, फाटल्यासारखी असेल तर ती श्रिंकेजची. धातू थिजताना आकसतो, त्या वेळी मागून दाबाने आणखी धातू पुरवला गेला नाही तर अशी फट राहते. आमच्या नगांत बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या होत्या, आणि त्याही बॉसच्या, म्हणजे पार्टवरच्या जाड उंचवट्याच्या, आसपास. म्हणजे शेवटचा दाब तिथवर पोचत नव्हता.

हा दाब बिस्किटातून जातो. डायकास्टिंग न पाहिलेल्यांसाठी सांगते. लॅडल, म्हणजे मशीनचा पळा, भट्टीतून वितळलेला धातू उचलून स्लीव्हमध्ये, म्हणजे मशीनच्या नळीत, ओतते. प्लंजर, म्हणजे त्या नळीतला दट्ट्या, तो आधी हळू, मग एकदम वेगाने डायमध्ये ढकलतो. डाय पापणी लवण्याआधी भरते. मग प्लंजर पूर्ण ताकदीने दाबून धरतो. प्लंजरच्या टोकापाशी धातूची जी चकती शिल्लक राहते तिला बिस्किट म्हणतात. ती फार पातळ असेल तर लवकर थिजते आणि प्लंजरचा दाब तिथेच अडतो, आत पोचत नाही. शिवाय प्लंजरने वेग कुठे पकडायचा ती जागा मशीनवर ठरवून दिलेली असते. धातू कमी पडला की तो हिशोबही चुकतो.

बिस्किटाकडे बोट दाखवलं ते मशीन ३ वरच्या एका ऑपरेटर दादांनी. ट्रिमिंगनंतर, म्हणजे पार्टचा जास्तीचा धातू कापल्यावर, बिस्किटं परत वितळवायला पेटीत जातात. त्या पेटीकडे बघत ते म्हणाले, "मॅडम, यातली दोन बिस्किटं एका जाडीची दाखवा." मी व्हर्नियर घेऊन बसले. ड्रॉइंगप्रमाणे २५ मिलिमीटर हवं, मला १४ पासून ३६ पर्यंत सगळं मिळालं. आमच्या प्लंजरला एका मिलिमीटरमागे साधारण १३ ग्रॅम धातू लागतो. शॉट म्हणजे डाय एकदा भरणं, आणि एका शॉटमधून दुसऱ्या शॉटमध्ये पाव किलोहून जास्त फरक पडत होता.

मात्र जाडी वेगवेगळी आहे म्हणून गळती तिच्यामुळेच, असं होत नाही. मग सलग २०० शॉट घेतले. प्रत्येक पार्टवर पेंट मार्करने नंबर टाकला, त्याच्या बिस्किटाची जाडी वहीत लिहिली आणि तेच २०० नग मशीनिंगमधून लीक टेस्टपर्यंत पाठपुरावा करून नेले. यात एक शिफ्ट कास्टिंगवर आणि पुढचा दिवस मशीनिंगवर गेला, आणि नंबर पुसू नयेत म्हणून धुण्याच्या मशीनपाशी उभं राहावं लागलं. निकाल असा आला: २० मिलिमीटरपेक्षा पातळ बिस्किटाचे ४१ नग, त्यांतले ९ गळले. उरलेले १५९ नग, त्यांतले ३ गळले. यानंतर सकाळच्या मीटिंगमधला वाद संपला.

जाडी बदलत होती कारण लॅडलचा प्रोब. भट्टीतल्या धातूला प्रोब टेकला की लॅडलला कळतं, किती खाली जायचं. प्रोबवर मळीचा थर बसला की तो थरच आधी टेकतो. लॅडल वरच्या वर बुडते आणि धातू कमी उचलते. लॅडलच्या आतलं कोटिंगही जागोजागी उडालं होतं, तिथे धातू चिकटून राहायचा. उपाय कागदावर साधे होते. प्रोब बदलायचे, दर शिफ्टला साफ करायचे, लॅडलला पुन्हा कोटिंग करायचं, आणि बिस्किट ठरलेल्या जाडीबाहेर गेलं तर तो शॉट मशीनने आपोआप बाजूला टाकावा अशी मर्यादा बसवायची. ऑगस्ट २०२३ मध्ये मशीन ३ वर हे झालं. मशीन ५ साठी सुटे भाग यायला नोव्हेंबर उजाडला. तेव्हा त्या उशिरावर मी चरफडले होते. पुढे तोच उशीर माझ्या परिचयातलं सगळ्यात भक्कम वाक्य ठरला.

आता परिचयाकडे.

माझ्या एका मित्राने खर्डा पाहिला आणि लगेच म्हणाला, "सरळ लिही, ७.९ वरून १.१." दोन्ही आकडे रजिस्टरमध्ये आहेत. जुलै २०२३ मध्ये ७.९, फेब्रुवारी २०२४ मध्ये १.१. पण जुलै हा आमचा सगळ्यात वाईट महिना होता, म्हणून तर काम हाती घेतलं. सगळ्यात वाईट महिन्यानंतरचा महिना काहीही न करता थोडा बरा निघतोच. त्यात जुलै म्हणजे पावसाळा. हवेत दमटपणा असला की वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम हायड्रोजन जास्त ओढून घेतं आणि पोकळ्या वाढतात. चाकणचा जुलै आणि चाकणचा फेब्रुवारी यांची तुलना डायकास्टिंगमधला जाणता माणूस करणार नाही, आणि पॅनलवर तसा एक जण बसणार होता.

म्हणून मी बारा महिन्यांशी बारा महिने लावले. ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ ची सरासरी ४.६ टक्के. दोन्ही मशीनवर बदल झाल्यानंतर, म्हणजे डिसेंबर २०२३ ते नोव्हेंबर २०२४, सरासरी १.७. दोन्हीकडे पावसाळ्याचे चारही महिने. लीक टेस्टचं मशीन तेच, मर्यादा तीच, हेही एका वाक्यात लिहिलं, कारण मर्यादा सैल करून रिजेक्शन कमी झाल्याची उदाहरणं सगळ्यांनीच पाहिलेली असतात. ७.९ वरून १.१ च्या मानाने ४.६ वरून १.७ मिळमिळीत वाटतं हे खरं. पण त्याला धक्का लागत नाही.

दुसरी अडचण जास्त टोकदार होती. ऑगस्ट २०२३ मध्येच आमच्या मेल्टिंग विभागात नवं डिगॅसिंग युनिट बसलं. धातूतला वायू काढायचं यंत्र. ते बसवणारे सहकारीही याच वर्षी बढतीच्या रांगेत होते, आणि गळती कमी झाल्याचा आकडा त्यांच्याही पानावर येणार हे उघड होतं. मग खरं कोणाचं? इथे मशीन ५ चा उशीर कामाला आला. दोन्ही मशीन एकाच मेल्टिंगमधला धातू वापरतात. डिगॅसिंगने गळती गेली असती तर ऑगस्टपासून दोन्हीकडे एकदम गेली असती. तसं झालं नाही. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर असे तीन महिने मशीन ३ दोन टक्क्यांच्या खाली होतं आणि मशीन ५ चार ते पाचमध्ये. नोव्हेंबरात प्रोब बदलल्यावर ५ नंबर खाली आलं. डिगॅसिंगचा काहीच उपयोग झाला नाही असं माझं म्हणणं नाही. इतर पार्टवर झाला, आणि तो त्या सहकाऱ्यांनी लिहिलाच. आम्ही दोघांनी कॅन्टीनमध्ये बसून आपापले आकडे एकमेकांना दाखवले आणि एकच घट दोन पानांवर येणार नाही याची खात्री केली. पॅनलपुढे एकच बचत दोनदा मांडली गेली, असं झालं की दोघांवरचाही विश्वास जातो.

रुपयांचं प्रकरण तर निराळंच. फॉर्ममध्ये 'झालेली बचत' असा रकाना असतो. सरळ गुणाकार केला तर असं येतं: ४.६ वजा १.७ म्हणजे २.९ टक्के, ४०,००० वर महिन्याला १,१६० नग वाचले. मशीनिंगपर्यंतचा एका नगाचा खर्च ३१० रुपये. वर्षाचे ४३ लाख. आकडा बघून मलाही बरं वाटलं. तो घेऊन मी फायनान्समधल्या एका सहकाऱ्यांकडे गेले. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "बाद झालेला नग तुम्ही फेकून देता?" अर्थातच नाही. तो परत भट्टीत जातो. त्यातल्या धातूची किंमत, वितळवताना होणारी घट आणि इंधन वजा जाता, १३० रुपये परत येतात. म्हणजे खरं नुकसान नगामागे १८०. वर्षाचे २५ लाख. त्यातून दोन्ही मशीनच्या प्रोब-लॅडलचा खर्च सहा लाख गेला. पहिल्या वर्षी निव्वळ १९. या पार्टवर रेझिन भरून गळती बुजवायला, म्हणजे इम्प्रेग्नेशनला, कस्टमरची परवानगी नाही. ती असती तर बाद नग वाचवता आले असते आणि बचतीचा आकडा आणखी खाली आला असता, हेही त्यांनी जाता जाता विचारून घेतलं.

४३ चे १९ झाले. पण १९ च्या पुढे मला 'फायनान्सने तपासलेले' असे शब्द लिहिता आले, आणि पॅनलवरच्या फायनान्सच्या साहेबांना त्या आकड्याबद्दल एकही प्रश्न पडला नाही.

मग येतो आपल्याकडचा संकोच. आपणच आपली आरती ओवाळायची नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्यामुळे माझ्या पहिल्या खर्ड्यात सगळीकडे 'आम्ही' होतं. आम्ही मोजलं, आम्ही शोधलं, आम्ही बदललं. ऐकायला नम्र, पण पॅनलला त्यातून काही कळत नाही. बढती टीमला द्यायची नसते. उलट सगळीकडे 'मी' घातलं तर ते सरळ खोटं होतं. बिस्किटाची शंका माझी नव्हती. प्रोब मेंटेनन्सने बदलले. लॅडलच्या सुट्या भागांसाठी भांडले प्रॉडक्शनचे साहेब.

माझं काय होतं, हे ठरवायला मी एक प्रश्न स्वतःला विचारला: त्या दिवसांत मी रजेवर असते तर काय झालं नसतं? दादांनी बिस्किटांबद्दल आधीही दोनदा सांगितलं होतं, ते मीटिंगपर्यंत पोचलं नव्हतं. म्हणजे मी नसते तर २०० शॉटची मोजणी झाली नसती. कास्टिंगचा आणि मशीनिंगचा आकडा एकाच वहीत आला नसता. मशीनने शॉट आपोआप बाजूला टाकायचा, हेही झालं नसतं. त्याला प्रॉडक्शनचा विरोध होता, कारण सुरुवातीला कास्टिंगचंच रिजेक्शन वाढल्यासारखं दिसणार होतं. तसं ते वाढलंही. नग मशीनिंगनंतर बाद होण्याऐवजी कास्टिंगमध्येच बाद व्हायला लागले, आणि महिनाभर कास्टिंगचा आलेख वर गेला. कास्टिंगवर बाद होणारा नग मशीनिंगचा खर्च तरी वाचवतो, हे प्लांट हेडना पटवून तो महिना निभावून नेणं माझ्या वाट्याचं काम होतं. एवढ्यापुरतं 'मी' लिहिलं. शंका दादांची, ती त्यांच्या नावानिशी लिहिली. एचआरमधल्या एकीने सुचवलं की नावं नकोत, पॅनल उमेदवाराला ओळखू पाहतं. मी नाव ठेवलं. नावामुळे माझी वाक्यं हलकी होत नव्हती, उलट उरलेलं माझं आहे हे स्पष्ट होत होतं.

एक गोष्ट मात्र मला आधी सुचली नव्हती. ती एका वर्षापूर्वी बढती मिळालेल्या मैत्रिणीने दाखवली. डेप्युटी मॅनेजर एका पार्टवर बसत नाही. त्याच्याकडे तीन-चार लाइन असतात, आणि त्याने बसवलेली गोष्ट तो तिथे नसतानाही चालावी लागते. तेव्हा पॅनलला हे बघायचं असतं की तुम्ही आत्ताच तसं काही करता का. जून २०२४ पासून मी दुसऱ्या लाइनवर होते. पंप बॉडीकडे दोन ज्युनियर इंजिनियर बघत होते. रजिस्टर काढून पाहिलं तर जून ते नोव्हेंबर, म्हणजे पावसाळ्यासकट, आकडा १.५ ते १.९ मध्येच होता. प्रोब साफ केल्याची शिफ्टवार नोंद त्यांनी एकदाही चुकवली नव्हती, कारण ती नोंद केल्याशिवाय शिफ्ट हँडओव्हरची सहीच होत नाही, अशी सोय करून ठेवली होती. हे वाक्य मी परिचयात बचतीच्या आधी घेतलं.

घडलंच नाही ते कसं लिहायचं, हा क्वालिटीवाल्यांचा जुना त्रास. तुम्ही एक लॉट अडवला, म्हणून कस्टमरकडे तक्रार गेली नाही. न गेलेल्या तक्रारीचा आकडा रजिस्टरमध्ये नसतो. माझ्याकडे असं एक प्रकरण होतं, २०२४ मधलं, दुसऱ्या पार्टचं. भोकाचं माप मर्यादेच्या आत होतं, पण सलग नऊ नमुने मध्यरेषेच्या एकाच बाजूला. गाडी लागलेली, माल मापात, तरी मी लॉट थांबवला. पाहणीत टूल होल्डर झिजलेला निघाला. मी इतकंच लिहिलं: काय दिसलं, काय थांबवलं, काय सापडलं. 'कस्टमरपुढची मोठी नामुष्की टळली' हे शेपूट लावलं नाही, कारण टळली का ते मला सिद्ध करता येणार नव्हतं.

मूळ पान इंग्रजीत गेलं. त्याचा मुख्य भाग, दादांचं नाव इथे गाळून, मराठीत साधारण असा:

'वॉटर पंप बॉडीचे गळतीचे रिजेक्शन बारा महिन्यांच्या सरासरीने ४.६ टक्क्यांवरून १.७ टक्क्यांवर आले. टेस्टची पद्धत व मर्यादा बदललेली नाही. बिस्किटाच्या असमान जाडीची शंका मशीन ३ च्या ऑपरेटरांनी मांडली. मी सलग २०० शॉटचा कास्टिंगपासून लीक टेस्टपर्यंत माग काढून जाडी व गळतीचा संबंध दाखवला, आणि ठरलेल्या जाडीबाहेरचे शॉट आपोआप बाजूला टाकण्याची मर्यादा प्रॉडक्शनच्या सहमतीने लागू केली. मशीन ३ वर बदल ऑगस्ट २०२३ मध्ये व मशीन ५ वर नोव्हेंबरमध्ये झाला. त्या मधल्या काळात एकाच धातूवर चालूनही फक्त मशीन ३ सुधारले. जून २०२४ पासून हा पार्ट माझ्याकडे नाही. दोन ज्युनियर इंजिनियर तो सांभाळतात व आकडा १.९ च्या वर गेलेला नाही. पहिल्या वर्षाची निव्वळ बचत १९ लाख रुपये, फायनान्सने तपासलेली.'

त्याखाली अडवलेल्या लॉटबद्दल दोन ओळी, ज्युनियरना शिकवल्याबद्दल एक, आणि शिक्षण व नोकरीची वर्षं एका ओळीत. कराडचं डिप्लोमा कॉलेज, आधीची कंपनी, पुरस्कार, सगळं त्यात आटोपलं. 'मेहनती', 'टीम प्लेयर', 'शिकण्याची आवड' यांतलं काही घातलं नाही. प्लांटमध्ये आळशी आहे असं कोण लिहून देतं?

पॅनलपुढे दहा मिनिटं बोलायचं आणि मग प्रश्न. डिगॅसिंगचा प्रश्न प्रॉडक्शनच्या साहेबांनी पहिलाच विचारला. पान समोरच होतं, त्यांनी स्वतःच मशीन ५ ची ओळ वाचली आणि "हां, बरोबर" म्हणून पुढे गेले. एचआर हेडनी विचारलं, ज्युनियरपैकी कोण पुढे तुमच्या जागी बसू शकेल? मी एकीचं नाव घेतलं आणि का तेही सांगितलं.

खरी परीक्षा दुसऱ्या प्लांटच्या क्वालिटी हेडनी घेतली. त्यांनी माहिती काढलेली दिसत होती. म्हणाले, "हेच तुम्ही मशीन ७ च्या कव्हरवर लावलं, तिथे फरक का नाही पडला?" तो प्रयोग परिचयात नव्हता, जागाच नव्हती. मी सांगितलं, की तिथले नग कापले तर पोकळ्या गोल आणि चकचकीत निघतात, म्हणजे त्या वायूच्या आहेत. बिस्किट सारखं करून त्या जाणार नाहीत. त्या कव्हरच्या डायमध्ये खोल खाचा आहेत. डायवर मारलेल्या स्प्रेचं पाणी तिथे साचतं, हवेचा फवारा ते पूर्ण उडवत नाही, आणि धातू आला की त्याची वाफ होऊन आत अडकते. प्रोब बदलल्यावर तिथे बिस्किट एकसारखं झालं पण गळती तीच राहिली, त्यावरून आमचीही खात्री झाली. त्यांनी विचारलं, मग स्प्रेचा वेळ किती ठेवलाय? मी आकडा सांगितला. ते म्हणाले, आमच्याकडे असल्याच एका पार्टला आम्ही स्प्रे कमी करून हवेचा फवारा दोन सेकंद वाढवला, सायकल टाइम गेला पण फायदा झाला, नोझलचा कोन बघितलात का? आम्ही बघितला नव्हता. त्यांनी पेन काढून माझ्याच परिचयाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर डायची खाच आणि नोझल काढून दाखवलं, आणि एचआर हेडनी घड्याळाकडे बघून पुढच्या उमेदवाराला आत बोलवायला सांगितलं.